वाळूजच्या मोजणी कक्षात एक माणूस हवा होता : एका मागणी-प्रस्तावाचं प्रकरण

वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी नव्या भागांच्या गुणवत्तेचं काम बघतो. ॲल्युमिनियमचं डाय कास्टिंग, मग मशिनिंग, आणि माल जातो दुचाकी बनवणाऱ्यांकडे. कंपनीचं नाव देत नाही आणि आकडे गोल केले आहेत, पण हिशोबाची रीत जशी होती तशीच ठेवली आहे. माणूस मागण्याचा पहिला अर्ज पाच मिनिटांत फेटाळला गेला आणि दुसरा मंजूर झाला. या दोन अर्जांमधल्या सहा आठवड्यांत काय केलं, ते लिहितो.

आमच्या विभागात मी धरून पाच जण होतो. तीन इंजिनिअर, एक सीएमएम ऑपरेटर आणि मी. सीएमएम म्हणजे प्रोब टेकवून भागाची मापं बारकाईनं घेणारं यंत्र. नवा भाग साच्यातून पहिल्यांदा बाहेर आला की 21 दिवसांत त्याची पीपॅप फाइल ग्राहकाकडे गेली पाहिजे, हे आमचं उद्दिष्ट. पीपॅप म्हणजे ग्राहकाला दिलेला पुरावा, की हा भाग ड्रॉइंगप्रमाणे आणि सातत्याने बनतो. तिचे 18 घटक असतात, पण सगळ्यात जास्त वेळ खातो तो ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाचा अहवाल. सहा महिन्यांत 38 फायली जायच्या होत्या. वेळेत गेल्या 15. उरलेल्या 23 सरासरी 9 दिवस उशिरा.

पहिला अर्ज मी एका संध्याकाळी वैतागून लिहिला होता. त्यातली मुख्य वाक्यं अशी: "विभागावर कामाचा प्रचंड ताण आहे. सर्वजण रोज दोन तास जास्त थांबतात. तरीही उद्दिष्ट गाठता येत नाही. तरी एक अनुभवी क्वालिटी इंजिनिअर तातडीने मंजूर करावा." एकही शब्द खोटा नव्हता. प्लँट हेड साहेबांनी वाचून कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हाच कागद मागच्या महिन्यात मेंटेनन्सनं दिला, त्याच्या आधी स्टोअरनं. प्रत्येकावर ताण आहे. तुम्हाला दिला तर नेमकं काय बदलंल, ते यात कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मला त्यांचा राग आला होता. चार दिवसांनी लक्षात आलं की प्रश्न बरोबर होता.

23 फायलींची चौकशी

सुरुवात उशीर झालेल्या फायलींपासून केली. प्रत्येक फाइलवर पाच तारखा सापडतात: नमुने विभागात आले कधी, मोजायला घेतले कधी, अहवाल झाला कधी, इंजिनिअरनं तपासला कधी, सही होऊन गेली कधी. या तारखा रजिस्टर, ईमेल आणि सीएमएमच्या संगणकातल्या फाइलींवरून गोळा केल्या. दोन रविवार गेले. मग प्रत्येक फाइलपुढे एकच कारण लिहिलं: सगळ्यात जास्त दिवस कुठे गेले?

सहा फायली साच्यामुळे अडकल्या होत्या. भागच मापात येत नव्हता आणि साचा टूल रूममध्ये दुरुस्तीला परत गेला होता. तीन ठिकाणी ग्राहकानं मधेच ड्रॉइंग बदललं. या नऊ फायली माझ्याकडे पाच माणसं असोत की पंधरा, उशिराच गेल्या असत्या. उरलेल्या 14 खरोखर आमच्या दारात थांबल्या होत्या. त्यातल्या तीनच इंजिनिअरच्या टेबलावर होत्या. अकरा फायली मोजणीच्या रांगेत, सीएमएमच्या खोलीबाहेरच्या रॅकवर पडून होत्या.

हे बघून मी बराच वेळ गप्प बसलो. मी इंजिनिअर मागत होतो, आणि इंजिनिअरच्या टेबलावर 23 पैकी तीन फायली होत्या.

मग इंजिनिअर इतके दमलेले का? दोन आठवडे सगळ्यांना अर्ध्या तासाच्या चौकटींत काम लिहायला सांगितलं. आधी कुरकुर झाली, कारण असा तक्ता मागितला की माणसाला वाटतं आपल्यावर नजर ठेवली जातेय. मी स्वतःचाही तक्ता भिंतीवर लावला, तेव्हा सुरळीत झालं. त्यातून दिसलं ते असं. सीएमएमवर मोजायचं काम आठवड्याला साधारण 58 तासांचं येत होतं: नव्या भागांचं 21, साचा दुरुस्त झाल्यावर परत मोजायचं 12, आणि रोजच्या उत्पादनाचं, म्हणजे सेटिंगनंतरचा पहिला नग आणि तक्रारींचे नग, 25. ऑपरेटर आठवड्याला 48 तास असतो. पण प्रोब तपासणी, फिक्स्चर लावणं, चहा-जेवण, रजा वगळल्या की प्रत्यक्ष मोजायला 38 तास मिळतात.

वीस तासांची तूट. ती कशी भरली जात होती, तेही तक्त्यातच होतं. सहा तास ऑपरेटरच्या ओव्हरटाइममधून, चार तासांचं काम बाहेरच्या लॅबला, आणि दहा तास तिन्ही इंजिनिअर सरफेस प्लेट आणि हाइट गेज घेऊन स्वतः मोजत होते. एका माणसाचं काम चौघे मिळून ओढत होते, म्हणून चौघेही ओझ्याखाली दिसत होते.

या टप्प्यावर एक गोष्ट वेगळी काढावी लागली. मे महिन्यात शॉप फ्लोअरवरचा भाग 38 अंशांवर असतो आणि मोजणीचं प्रमाण तापमान 20 अंश. ॲल्युमिनियमचा 100 मिलिमीटरचा भाग एवढ्या फरकानं सुमारे 0.04 मिलिमीटर वाढतो, आणि आमच्या कित्येक बोअरच्या, म्हणजे भागातल्या गोल भोकांच्या, मापात चालणारा फरकच तेवढा असतो. म्हणून भाग खोलीत काही तास ठेवून निववावा लागतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे टाळता येत नाही. हा वेळ माणूस वाढवून कमी होत नाही, म्हणून तो मी तुटीत धरला नाही. धरला असता तर आकडा मोठा दिसला असता, पण क्वालिटीतला कुणीही जुना माणूस तो एका प्रश्नात खोडून काढू शकला असता.

माणूस कोणता

यंत्र सोळा तास रिकामं होतं. सीएमएम फक्त पहिल्या पाळीत चालायचं. म्हणजे हवा होता तो दुसऱ्या पाळीचा सीएमएम ऑपरेटर. त्याचा पगार इंजिनिअरपेक्षा बराच कमी, त्यामुळे मागणीही लहान झाली.

अर्जाला हात लावण्याआधी स्वतःशीच भांडून घेतलं की माणूस न घेता हे निभेल का. ओव्हरटाइम वाढवावा, तर ऑपरेटर आधीच आठवड्याला सहा तास जास्त बसत होता, आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा लागतो. बाहेरची लॅब तीन-चार दिवस घेते, आणि साचा बदलला की सगळं परत पाठवावं लागतं. अप्रेंटिस घ्यावा हा विचार एचआरच्या मॅडमनी सुचवला, आणि तो वाजवी होता. पण सीएमएमचा प्रोग्रॅम स्वतः लिहून, मापं जिथून घ्यायची तो डेटम बरोबर धरून, स्वतःच्या सहीनं अहवाल द्यायला नवख्या मुलाला चार-सहा महिने लागतात, आणि दुसऱ्या पाळीत त्याला विचारायला शेजारी कुणी नसतं.

चौथा पर्याय मात्र खरा निघाला. रोजच्या उत्पादनातले तीन मोठ्या संख्येचे भाग सीएमएमवर न नेता चेकिंग फिक्स्चरवर, म्हणजे भाग बसवून माप बरोबर आहे का ते लगेच दाखवणाऱ्या साधनावर, तपासता येण्यासारखे होते. त्यानं आठवड्याला आठ तास वाचले असते. तरीही 50 तासांचं काम 38 तासांत बसत नव्हतं, म्हणून माणसाची गरज उरत होती. पण हा पर्याय मी लपवला नाही. फिक्स्चरचं काम आम्ही आमच्याच बजेटमधून तीन महिन्यांत करू, असं अर्जात लिहून दिलं. मागणाऱ्यानं स्वतःच्या बाजूनं काय केलं, हे फायनान्सवाले पहिल्यांदा बघतात, असा माझा अनुभव आहे.

पैशांचा हिशोब

इथे बहुतेक अर्ज घसरतात, म्हणून सावकाश सांगतो. ऑपरेटरचा पगार महिना 24,000 धरला. बाराने गुणलं की 2 लाख 88 हजार होतात, आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. फायनान्सला त्याक्षणी कळतं की अर्ज घाईत लिहिलाय. मूळ पगार 14,000 धरून त्यावर मालकाचा पीएफ 12 टक्के, त्याच्या जोडीचे प्रशासन आणि विम्याचे शुल्क, ग्रॅच्युइटीची तरतूद, बोनस, बस आणि कँटीन मिळून महिन्याला सुमारे 29,000 होतात. पगार 21,000 च्या वर असल्यानं ईएसआय लागू नव्हतं. वर्षाचे झाले 3 लाख 48 हजार. शिवाय दुसऱ्या पाळीत मोजणी कक्षाचा एसी आणि हवेचा कंप्रेसर चालणार, त्याची वीज महिना 8,000, म्हणजे 96 हजार. सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण आणि भरतीचा खर्च एकदाच 40 हजार. पहिल्या वर्षी एकूण 4 लाख 84 हजार, तो मी 4 लाख 85 हजार लिहिला. पुढे दरवर्षी 4 लाख 44 हजार. विजेचा आकडा मला मेंटेनन्सच्या काकांनी सांगितला, माझ्या डोक्यात तो नव्हताच.

आता दुसरी बाजू. आधी ते पैसे लिहिले जे आजच खिशातून जातात आणि थांबतील. ओव्हरटाइम वर्षाला 69 हजार. बाहेरची लॅब 1 लाख 92 हजार; काही मोजण्या आमच्या यंत्रावर होतच नाहीत, म्हणून वाचणारे 1 लाख 50 हजारच धरले. उशिरा झालेले नमुने वेगळी गाडी करून चाकण-पुण्याला पाठवावे लागले होते, त्यातल्या मोजणीमुळे झालेल्या फेऱ्यांचे वर्षाला 1 लाख 12 हजार. तिन्ही मिळून 3 लाख 31 हजार.

इंजिनिअरांचे दहा तास मोकळे होतील, त्याचे रुपये मी लावले नाहीत. पगार तर तेवढाच जाणार आहे. त्या तासांत ते काय करतील तेवढं एका ओळीत लिहिलं. तासाला दर लावून इथे लाख-दीड लाख सहज दाखवता येतात, आणि असे अर्ज मी पाहिले आहेत. पण ते पैसे कुठल्याही खात्यात जमा होत नाहीत.

म्हणजे नुसत्या रोख बचतीवर माणूस परवडत नव्हता. उरलेला भाग विक्रीचा. नवा भाग 9 दिवस उशिरा सुरू झाला की 9 दिवसांची विक्री बुडते, हे म्हणणं सोपं आहे, पण अर्धवट आहे. रांगेत अडकलेल्या त्या 11 फायली एकेक करून मार्केटिंगच्या माणसासोबत बसून पाहिल्या. सात भागांची गाडीच अजून बाजारात यायची होती, त्यामुळे उशिराचं नुकसान शून्य. चार भागांसाठी ग्राहक खरंच थांबला होता आणि तेवढ्या दिवसांचा माल त्यानं दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतला. अशा भागावर कच्चा माल आणि बदलता खर्च वजा जाता महिन्याला सरासरी दीड लाख उरतात, म्हणजे 9 दिवसांचे 45 हजार. सहा महिन्यांत चार, म्हणजे वर्षाला आठ फायली. त्यातल्या निम्म्याच वाचतील असं धरून 1 लाख 80 हजार लिहिले.

वर्षाचा फायदा 5 लाख 11 हजार झाला. पण नवा माणूस पहिल्या दिवसापासून मोजत नाही. पहिले दोन महिने तर आमचा जुना ऑपरेटर त्याला शिकवण्यात गुंतणार. म्हणून पहिल्या वर्षी दहाच महिन्यांचा फायदा धरला, 4 लाख 26 हजार. खर्च 4 लाख 85 हजार. पहिल्या वर्षी 59 हजारांचा तोटा, दुसऱ्या वर्षापासून 67 हजारांचा फायदा.

हे आकडे बघून माझ्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, "भाऊ, हे असं दिलं तर कोण मंजूर करंल? निम्म्याऐवजी सगळ्या आठ फायली वाचतील म्हणून लिहा, पहिल्याच वर्षी नफा दिसतो." खरंच दिसला असता. मी तसं केलं नाही. त्याऐवजी प्रश्न उलटा करून अर्जात ठेवला: हा माणूस स्वतःचा खर्च भरून काढायला ग्राहक थांबलेल्या किती फायली वाचवायला हव्यात? पहिल्या वर्षी पाच, नंतर दरवर्षी तीन. आज अशा आठ जातात. आता माझ्या अंदाजावर विश्वास ठेवायची कुणाला गरज नव्हती; आठपैकी तीन वाचतील की नाही, एवढंच त्यांनी ठरवायचं होतं.

बैठकीत

दुसऱ्या अर्जाचा पहिला परिच्छेद असा होता: "सहा महिन्यांत 38 पैकी 23 पीपॅप फायली उशिरा गेल्या. त्यातल्या 9 साचा व ड्रॉइंगबदलामुळे. त्या या मागणीने सुधारणार नाहीत. 11 फायली सीएमएमच्या रांगेत थांबल्या. आठवड्याला 58 तासांचे काम आणि 38 तासांची क्षमता आहे. दुसऱ्या पाळीसाठी एक सीएमएम ऑपरेटर मागत आहोत. वर्षाचा खर्च 4.44 लाख, पहिल्या वर्षी 4.85 लाख. वर्षाला तीन फायली वाचल्या की खर्च निघतो." बाकीचं दोन पानांत, तारखांचा तक्ता मागे जोडलेला.

फायनान्सच्या साहेबांनी एकच अवघड प्रश्न विचारला. तूट 20 तासांची, फिक्स्चर झाल्यावर 12 तासांची, मग 38 तासांचा माणूस कशाला? मला हा प्रश्न अपेक्षित होता. दुसऱ्या पाळीत सेटिंग बदललं की पहिला नग सकाळपर्यंत थांबायचा किंवा गेजच्या भरवशावर माल चालायचा. ते आठवड्याचं सहा तासांचं काम आज होतच नव्हतं. ते धरून, फिक्स्चर झाल्यावर, 76 तासांच्या क्षमतेवर 56 तासांचं काम येतं, म्हणजे 74 टक्के. उरलेले 26 टक्के वाया जात नाहीत. टूल रूममधून भाग एकेक करून येत नाहीत, महिनाअखेरीस चार-पाच एकदम येतात. घाटी रुग्णालयाच्या ओपीडीत डॉक्टर दिवसभर पूर्ण व्यग्र असतात म्हणूनच बाहेर रांग असते, तसंच हे आहे. काम अनियमित येत असेल तर 80 टक्के भरलेल्या यंत्रापुढे जी रांग असते, ती 95 टक्क्यांवर जवळपास पाचपट होते. 21 दिवसांचं उद्दिष्ट पाळायचं तर यंत्रापुढे मोकळीक ठेवावीच लागते. साहेबांनी वहीत 74 लिहून त्याला गोल केला.

शेवटची अट मीच घातली होती. रांगेत भाग सरासरी 6 कामाचे दिवस थांबत होते. चौथ्या महिन्याअखेर ते 3 च्या खाली आले नाहीत, तर त्या माणसाला कायम न करता फायनल इन्स्पेक्शनमध्ये पुढच्या वर्षी निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागेवर घ्यावं. प्लँट हेड साहेबांनी सही करताना या ओळीखाली पेन फिरवला.

नंतर

माणूस मिळायला सात आठवडे लागले. चाकणमध्ये काम केलेले दोन जण आमच्या पगारात आले नाहीत. शेवटी गंगापूरकडचा एक मुलगा मिळाला. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेला, हात बारीक आणि शांत डोक्याचा.

चौथ्या महिन्यात रांग अडीच दिवसांवर आली. तो रुजू झाल्यानंतरच्या सहा महिन्यांत 34 फायलींपैकी 21 वेळेत गेल्या. उशिरा गेलेल्या 13 पैकी सात साच्यामुळे, दोन ड्रॉइंगमुळे आणि चार आमच्यामुळे. या चारपैकी दोनच ठिकाणी ग्राहक थांबला होता.

दोन गोष्टी मी चुकीच्या धरल्या होत्या. फिक्स्चर तीन नाही, पाच महिन्यांनी आली, कारण टूल रूम साच्यांच्या दुरुस्तीतच अडकलेली होती आणि मी त्यांना न विचारता तारीख लिहून दिली होती. दुसरी चूक मोठी. संध्याकाळनंतर एखाद्या भागाची मोजणी संपायची आणि एखादं माप मर्यादेबाहेर निघालं की निर्णय घ्यायला इंजिनिअर नसायचा. भाग सकाळपर्यंत तसाच पडून. पहिले दोन महिने बाहेरच्या लॅबचं बिलही म्हणून फारसं उतरलं नाही. मग एका इंजिनिअरनं आठवड्यातून तीन दिवस अकरा ते आठ यायचं कबूल केलं आणि त्याच्या जाण्याच्या वेळेला बस धरून दिली. दुसऱ्या पाळीचा माणूस मागताना त्याच्या कामावर सही कोण करणार, ही ओळ माझ्या अर्जात नव्हती. पुन्हा लिहिला तर ती पहिल्या पानावर असेल.

सहामाही आढावा झाला तेव्हा प्लँट हेड साहेबांनी साच्यामुळे अडकलेल्या सात फायलींवर बोट ठेवलं आणि टूल रूमच्या इनचार्जना म्हणाले, "यांच्यासारख्या तारखा काढून आणा, मग बोलू." इनचार्ज दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. आता आम्ही दोघं शनिवारी दुपारी बसून त्या सात साच्यांच्या दुरुस्तीच्या तारखा लिहून काढतोय.